प्रति: गोष्टीनंतरची चर्चा

«गोष्ट संपली की मुले लगेच ‘नेहमी खरे बोलावे’ असे म्हणतात आणि चर्चा तिथेच थांबते.»

माझ्या मते अडचण प्रश्नांपेक्षा गोष्टीच्या निवडीत आहे, कारण जिथे एक बाजू उघडपणे चूक असते तिथे मुलांना बोलण्यासारखे काही उरतच नाही. दोन चांगली मूल्ये एकमेकांच्या आड येतील अशी कथा घ्यावी आणि ती निर्णयाच्या क्षणी थांबवावी. आमच्या मुंबईतील शाळेत सहावीसाठी मी अशी गोष्ट रचली: आई कामावर जाते म्हणून धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहणारी सविता बाईंना ‘ताप होता’ असे सांगते, आणि बाई तिच्या मैत्रिणीला, मीनाला, विचारतात, “हे खरे आहे का?” इथे वाचन थांबते. चर्चेआधी प्रत्येकाने मीना काय करील आणि का, हे दोन ओळींत लिहायचे. नाहीतर पहिल्या मोठ्या आवाजामागे सगळा वर्ग जातो. नंतर मी फक्त परिस्थिती बदलते: सविताने कोणाला न सांगण्याचा शब्द मीनाकडून घेतला असता तर? बाईंनी एकटीला बोलावून विचारले असते तर? नैतिक विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनीही अशा पेचांत निर्णयापेक्षा त्यामागच्या कारणाला महत्त्व दिले होते. मुले उत्तर देताना आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागली, तर आपला कल त्यांना कळला आहे असे समजावे आणि पुढचा प्रश्न एखाद्या मुलालाच विचारू द्यावा. मात्र चर्चेत कोणा मुलाचा खराखुरा त्रास उघड झाला, तर तो विषय वर्गात न वाढवता त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावे.