मदत हवी आहे: बल्क मॉड्युलस उणे येतोय!

पाऊलवाट: तारेचा यंग मॉड्युलस काढला, 104 GPa. रिजिडिटी मॉड्युलस आला 33.3. `E = 2G(1 + ν)` वरून पॉयसन रेशो 0.56 येतो. तो `K = E / [3(1 − 2ν)]` मध्ये घातला की K थेट उणे 289! आकडेमोड चार वेळा तपासली. उद्या वही द्यायची आहे. सूत्र कुठे चुकतंय तेवढं सांगा.

निरंजन_क: तार कशाची? G कसा काढला? जाडी किती?

पाऊलवाट: तार साधीच आहे हो, तांब्याची. वजनं लावून ताणली, मग तिलाच चकती टांगून टॉर्शन पेंड्युलम केला. जाडी स्क्रूगेजने 0.54 मिमी, झिरो एरर वजा करून. पण प्रश्न सूत्राचा आहे.

अवलिया७: पॉयसन रेशो 0.5 च्या वर जाऊ शकतो की. कार्बन फायबरच्या पट्ट्यांत मी स्वतः पाहिलाय. उगाच घाबरू नका, आलंय तेच लिहा.

निरंजन_क: अवलिया, तुमच्या पट्ट्या दिशेनुसार वेगळ्या वागतात, तिथे ही सूत्रं लागूच नाहीत. सगळ्या दिशांना सारख्या पदार्थाचं बघा. तुकडा तिन्ही बाजूंनी सारखा दाबला की एकेक बाजू स्वतःच्या दाबाने आखडते, पण उरलेल्या दोन दाबांमुळे ν, ν इतकी फुगते. हिशेब उरतो 1 − 2ν. ν 0.5 च्या वर गेला तर दाबल्यावर तुकडा फुगायला हवा. तांबं असं करत नाही.

सोनसळी: मग वरच्या सूत्रात 1 + ν अधिक का? मला हे कधीच कळलं नाही.

निरंजन_क: चौकोन तिरका केला की एक कर्ण ताणला जातो, दुसरा दाबला जातो. दुसऱ्याच्या दाबाने पहिला आणखी ν इतका लांबतो. इथे दोघं एकमेकांना मदत करतात, म्हणून बेरीज.

पाऊलवाट, सूत्र ठीक आहे. तार चकचकीत, लालसर-तपकिरी आहे का? मोटार वाइंडिंगची?

पाऊलवाट: हो! हे आधी सांगायचं असतं का?

निरंजन_क: सांगायचं असतं. तिच्यावर इनॅमलचा थर आहे आणि तुम्ही तोही मोजलात. E मध्ये त्रिज्येचा वर्ग येतो, G मध्ये चौथा घात. त्रिज्या जास्त धरली की दोन्ही कमी येतात, पण G कितीतरी जास्त घटतो, म्हणून E/G वाढतो आणि ν वर सरकतो. त्याच रिळाचा तुकडा खरवडून मोजा.

जुना_फिटर: लायटरने जाळा, दोन सेकंदांत थर निघतो.

निरंजन_क: मोजायच्या तुकड्याला चालेल, काजळी नीट पुसा. टांगलेल्या तारेला नको, ती मऊ पडेल आणि पुढच्या वजनाला कायमची लांबेल.

रबरबँड: माझाही प्रश्न घ्या. सॉफ्टवेअरमध्ये रबरी सीलला ν = 0.5 दिला की ते अडतं. 0.495 दिला तर चालतं, 0.499 दिला तर उत्तर बदलतं. खरं कुठलं?

पाऊलवाट: पॉलिशपेपरने घासून मोजलं, 0.50 आलं!! आता E = 121, G = 45.3, ν = 0.34, K = 125. सुटलं.

निरंजन_क: पॉलिशपेपरने थोडं तांबंही गेलं असेल. खरी जाडी 0.51 असेल तर हेच गणित करून बघा.

पाऊलवाट: ν 0.39, K 182. हे काय?? स्क्रूगेजचा एकच भाग तर बदललाय!

निरंजन_क: तेच. ν 0.05 ने हलला, पण 1 − 2ν मूळचाच लहान, त्यामुळे K जवळजवळ दीडपट झाला. तांब्याचा K 140 च्या आसपास असतो, पण तुमच्या तारेवरून तो 125 की 182 हे ठरत नाही. वहीत ν लिहा आणि जाडीतल्या चुकीने तो किती हलतो तेही लिहा. K काढलाच तर त्याच्या मर्यादेसकट.

अवलिया७: आणि ओढून काढलेल्या तारेत स्फटिक एका दिशेला वळलेले असतात. तांब्याच्या एकाच स्फटिकाचा E दिशेनुसार 67 पासून 191 पर्यंत बदलतो. मग ती सगळ्या दिशांना सारखी कुठे राहिली?

निरंजन_क: हे मात्र खरं. 0.34 बरोबर आला यात नशिबाचा वाटा किती, ते या दोन प्रयोगांवरून सांगता येणार नाही.

पाऊलवाट: मी 0.34 लिहितोय. ताण दिल्यावर जाडी किती घटते तेच थेट मोजलं असतं तर?

निरंजन_क: तुमच्या वजनांनी ती मायक्रॉनच्या दशांशाएवढीही घटणार नाही. स्क्रूगेज काय दाखवणार?

रबरबँड: माझ्या सीलचं कोणी बघेल का?