‘मिस पेनल्टी’ला मराठीत काय म्हणावं?

भुईकोट: सोलापुरातल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी टिपणं मराठीत करतोय. गणित असं: कॅश १० नॅनोसेकंद, मिस पेनल्टी १००, हिट रेशो ०.९. पेनल्टीला मी ‘मिस झाल्यावरचा वेळ’ लिहिलं. निम्म्या वर्गाची सरासरी १९ आली, निम्म्यांची २०. दोष माझ्या शब्दाचा का?

शेंगाचटणी: कॅश साफ केली की माझा फोन उलट आणखी हळू उघडतो. हे तेच का?

धोटा: तुमची ॲपची साठवण आहे, प्रोसेसरमधली नव्हे. पण कारण एकच, जवळचं पुसलं की पुन्हा लांबून आणावं लागतं.

भुईकोट, दोष शब्दाचाच. ‘मिस झाल्यावरचा वेळ’ म्हटलं की मुलं तो एकूण वेळ धरतात:

```
0.9*10 + 0.1*100 = 19
```

पेनल्टी म्हणजे कॅशमध्ये शोधण्याच्या वर लागणारा वेळ. शोधायचे १० दर वेळी जातातच:

```
10 + 0.1*100 = 20
```

म्हणून ‘भुर्दंड’ लिहा. भुर्दंड नेहमी मूळ खर्चाच्या वरच बसतो.

साधी_मराठी: भुर्दंड विनाकारण पडतो, इथे कारण आहे. ‘विलंब’ काय वाईट?

धोटा: विलंब हिटलाही असतोच की, १० नॅनोसेकंदांचा.

चाटीगल्ली: पण १९ चूक कसं? मागाशेजारच्या पेटीत भरलेली कांडी शोधता शोधताच पोऱ्याला गोदामात धाडलं, तर पेटीतले १० वेगळे मोजायचे नाहीत.

धोटा: बरोबर, पण तेव्हा गणितात १०० हा मुख्य मेमरीचा पूर्ण वेळ म्हणून दिलेला हवा आणि दोन्ही शोध एकदम सुरू होतात असंही लिहिलेलं हवं. पेनल्टी म्हणून १०० दिले असतील तर २०च.

साधी_मराठी: आणि ‘लोकॅलिटी’ला सरळ ‘स्थानिकता’ म्हणा.

धोटा: मग ‘टेम्पोरल’चं ‘कालिक स्थानिकता’ होईल, ते कुणाला कळणार? लूप बघा:

```
for (i = 0; i < n; i++) sum += a[i];
```

`a[0]` मागितला की ६४ बाइटची अख्खी लाइन येते. चार बाइटचे १६ आकडे तिच्यात मावतात, म्हणजे ॲरे लाइनच्या सुरुवातीपासून असेल तर एक मिस, पुढचे १५ हिट. हा ‘शेजार’. लूपच्या सूचना मात्र त्याच त्याच लागतात, तिथे ‘पुन्हा लागणं’ म्हणा. एका शब्दात दोन्ही कोंबू नका.

चाटीगल्ली: त्याच ॲरेत सोळा सोळा आकडे सोडून उड्या मारल्या तर?

धोटा: मग दर वेळी नवी लाइन. ॲरे आधी कॅशमध्ये नसेल आणि हार्डवेअर पुढचं आपणहून आणत नसेल, तर ॲरेपुरते हिट शून्य आणि सरासरी ११०. शेजार आणला, पण वापरलाच नाही.

साधी_मराठी: शेजार वापरतात का? शेजारधर्म पाळतात.

भुईकोट: ‘भुर्दंड’ घेतो. पण प्रश्नपत्रिकेत ‘पेनल्टी’च येणार, तेव्हा मुलं काय करतील?

शेंगाचटणी: मग फोनची कॅश साफ करू की नको?