मदत हवी आहे: फुगे फोडून जास्तीत जास्त नाणी. 98 येतंय, हवंय 167

रात्रपाळी
कोणी जरा पटकन सांगेल का? उद्या सकाळी एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट आहे आणि संध्याकाळपासून फुग्यांच्या प्रश्नात अडकलोय. शेवटचा फुटणारा फुगा धरून इंटरव्हल डीपी करायची हे माहीत आहे, तेच केलंय. तरी नमुन्याला 98 येतं. "आधी रिकर्शन पक्कं कर" असले सल्ले कृपया नकोत.

सह्यवारा
यात डीपी कशाला हवी? सगळे फुगे उजव्या टोकानुसार सॉर्ट कर. पहिल्या फुग्याच्या उजव्या टोकावर बाण मार, त्यात जेवढे फुटतील तेवढे सोडून पुढे जा. कमीत कमी बाण निघतात.

रात्रपाळी
तो बाणांचा प्रश्न वेगळा आहे. इथे नाणी मोजायचीत.

गणिती_काकू
नमुना कुठला ते लिहिलं नाहीस, कोडही नाही. 98 कशातून आलं ते कसं कळणार? निदान फुग्यांवरचे आकडे आणि जास्तीत जास्त काढतोस ती ओळ टाक.

रात्रपाळी
मला वाटलं हा प्रश्न सगळ्यांनाच माहीत असेल. फुगे 3, 1, 5, 8. एक फोडला की त्याचा आकडा गुणिले त्या क्षणी दोन्ही बाजूंना जे शेजारी असतील त्यांचे आकडे, तेवढी नाणी. फुटलेला फुगा जातो, उरलेले एकमेकांचे शेजारी होतात. कडेला कोणी नसेल तर तिथे 1 धरायचा. मी दोन्ही टोकांना 1 लावून `a = [1,3,1,5,8,1]` केलाय. ओळ ही:

```python
best = max(best, dp[l][k] + a[k-1]*a[k]*a[k+1] + dp[k][r])
```

बिनधास्त_बंड्या
भावा, एवढं कशाला? सगळ्यात लहान फुगा आधी फोडत जा, मोठे शेवटपर्यंत ठेव. मोठे आकडे जितका जास्त वेळ शेजारी राहतील तितका गुणाकार मोठा. अर्ध्या पानात कोड होतं.

गणिती_काकू
बंड्या, तुझ्या नियमाने याच नमुन्यात करून बघ. 1 फोडला, 15. मग 3 फोडला, 1×3×5 म्हणजे 15. मग 5 फोडला, 40. शेवटी 8. बेरीज 78, म्हणजे रात्रपाळीच्या चुकीच्या उत्तरापेक्षाही कमी.

रात्रपाळी, तुझं 98 बघितल्याबरोबर कळलं. तू `a[k-1]` आणि `a[k+1]` घेतोयस, म्हणजे सुरुवातीला शेजारी होते तेच. मग प्रत्येक फुग्याची नाणी कायमची ठरलेली राहतात: 3, 15, 40 आणि 40. प्रत्येक फुगा एकदाच फुटतो, त्यामुळे कुठल्याही क्रमाने फोड, बेरीज 98च. क्रम बदलून उत्तर बदलत नसेल तर त्या max ला निवडायला काही उरतच नाही.

`k` हा `l` आणि `r` यांच्या मधला शेवटचा फुगा आहे. तो फुटेपर्यंत मधलं सगळं संपलेलं असतं. मग त्या वेळी त्याचे शेजारी कोण?

रात्रपाळी
l आणि r. बरोबर. ते टाकून बघतो.

पुणेरी_पाटी
माझा अनुभव सांगते. मी मुलाखतीत हाच प्रश्न पहिला फुगा धरून सोडवला होता. उरलेल्या फुग्यांचा ट्युपल करायचा आणि त्यावर मेमो. उत्तरं सगळी बरोबर आली. वीसेक फुग्यांपुढे मात्र मशीन रेंगाळायला लागलं, कारण उरलेल्या फुग्यांचे संच 2 च्या घातांकात वाढतात. पण समोरच्यांना विचार आवडला. रात्रपाळी, तुम्हीही आधी तसं लिहा, मग सुधारा.

कोकणकडा
अहो, ते उद्याच्या टेस्टला कसं चालेल? तिथे मर्यादा 300 फुग्यांची असली तर ट्युपल कधीच संपणार नाही.

पुणेरी_पाटी
लहान नमुने ताडून बघायला तर चालेल ना? मी अजूनही त्यासाठीच वापरते.

बिनधास्त_बंड्या
पहिला धरला काय आणि शेवटचा धरला काय, दोन्हीकडे डावा तुकडा आणि उजवा तुकडाच होतात की. फरक काय?

गणिती_काकू
हे विचारलंस ते बरं केलंस, सगळं इथेच अडतं. समज 5 आधी फोडला. डावीकडे 3, 1 उरले, उजवीकडे 8. पण आता 1 आणि 8 शेजारी आले. 1 ची नाणी 8 अजून आहे की नाही यावर ठरणार, आणि 8 ची डावीकडचं काय उरलंय त्यावर. दोन तुकडे वेगळे सोडवून बेरीज करताच येत नाही, म्हणून पुणेरी_पाटी यांना उरलेला सगळा संच लक्षात ठेवावा लागला.

उलट 5 शेवटी फुटणार असं ठरवलं तर तो शेवटपर्यंत मधे भिंतीसारखा उभा असतो. डावीकडच्यांना उजवा शेजारी म्हणून 5 पलीकडचं काही दिसत नाही, उजवीकडच्यांना डावीकडचं दिसत नाही. आता दोन्ही तुकडे खरोखर वेगळे झाले. लक्षात ठेवायला फक्त `l` आणि `r` पुरतात, आणि ते दोघं या तुकड्यात फुटत नाहीत, उभेच असतात.

रात्रपाळी
काकू, बदललं. आता 63 येतंय! आधीपेक्षाही कमी. ओळ अशी केली:

```python
best = max(best, dp[l][k] + a[l]*a[k]*a[r] + dp[k][r])
```

सह्यवारा
टोकांना 1 ऐवजी 0 लावून बघितलंस का?

कोकणकडा
0 लावला तर शेवटचा फुगा 0 नाणी देईल. 1च हवा. रात्रपाळी, बाहेरचे लूप दाखव. ते अजून टाकले नाहीस.

रात्रपाळी
लूप साधेच आहेत, त्यात काय चुकणार?

```python
for l in range(n):
    for r in range(l+2, n+2):
```

गणिती_काकू
चूक त्यातच आहे. `l` शून्यापासून वर जातोय. `l` 0 असताना तू `dp[k][r]` वाचतोस, तिथे `k` हा `l` पेक्षा मोठा. ती ओळ अजून भरलेलीच नाही, म्हणून 0 मिळतो. तुझं 63 उलगडून बघ: शेवटी 8 चे 8, त्याआधी 5 चे 1×5×8 म्हणजे 40, त्याआधी 3 चे 1×3×5 म्हणजे 15. झाले 63. आकडा 1 असलेला फुगा कुठे गेला? तो 3 आणि 5 च्या मधे होता, म्हणजे `dp[1][3]` मध्ये, आणि तिथे शून्य. तो फुगा तुझ्या हिशेबात फुटलाच नाही.

आधीच्या चुकीमुळे हे झाकलं गेलं होतं. तिथे शेवटचा म्हणून नेहमी उजव्या कडेचा फुगा घेतला तरी पूर्ण 98 जमत होते, त्यामुळे उजवा तुकडा रिकामाच असे आणि त्याचा शून्य कुठे खुपत नव्हता.

`l` उलटा चालव:

```python
for l in range(n-1, -1, -1):
    for r in range(l+2, n+2):
```

किंवा तुकड्याच्या लांबीवर बाहेरचा लूप ठेव. लहान तुकडे आधी भरले गेले पाहिजेत, एवढीच अट.

रात्रपाळी
167!!! आभारी आहे काकू.

बिनधास्त_बंड्या
पण बघा, शेवटी 8च राहिला ना? सगळ्यात मोठा शेवटी, हे मी म्हणतच होतो. मग `k` चा लूप कशाला, प्रत्येक तुकड्यात सगळ्यात मोठा शेवटचा धरायचा. वेळही वाचतो.

गणिती_काकू
फुगे 5, 6, 5 घे. तुझ्या नियमाने 6 शेवटी: कडेचे दोन 30-30 देतात, मग 6, एकूण 66. आता 6 आधी फोड: 5×6×5, म्हणजे 150. मग एक 5 फोड, 25. शेवटी 5. एकूण 180. मोठा फुगा मोठ्या शेजाऱ्यांच्या मधे फुटला तर तिघांचा गुणाकार मिळतो, शेवटी ठेवला तर त्याला कडेचे 1 आणि 1च मिळतात. मोठे आकडे टिकवायचे हे तुझं म्हणणं बरचसं बरोबर आहे, पण नेमका कुठला टिकवायचा हे आकड्यावरून ठरत नाही.

बिनधास्त_बंड्या
180 पटलं. बघतो, दोन मोठे टिकवायचा काही नियम बसतो का.

रात्रपाळी
अजून एक. 300 फुग्यांना पायथॉन वेळेत बसेल का? आणि शून्य आकड्याचे फुगे असतील तर?

कोकणकडा
300 ला `l`, `k`, `r` अशा साधारण 45 लाख त्रिकुटांचा हिशेब येतो. पायथॉनला काही सेकंद लागू शकतात. आतल्या लूपमध्ये `a[l]*a[r]` बाहेर काढून ठेव. शून्याचे फुगे आधीच यादीतून काढून टाक. ते पहिल्यांदा फोडले तर 0 मिळतात, पण नंतर कुणाचा गुणाकार शून्य करत नाहीत, म्हणजे तोटा कधीच नाही. त्याने n कमी होतो.

आणि खरं तर हा मॅट्रिक्स चेनच आहे. तिथे गुणाकारांची संख्या कमीत कमी हवी, इथे जास्तीत जास्त, बाकी सूत्र तेच. म्हणजे क्नुथची 1971 ची युक्ती लावून `k` चा शोध आवळता येईल आणि काम n² मध्ये होईल.

गणिती_काकू
मॅट्रिक्स चेनचं अगदी बरोबर. क्नुथचं नाही लागू होत. ती युक्ती चालायला तुकडा उजवीकडे वाढला की सर्वोत्तम `k` मागे यायला नको. फुगे 1, 8, 1, 10 घे, टोकांना 1. डावं टोक आणि तिसरा फुगा यांच्या मधे 1 आणि 8 आहेत. तिथे 8 शेवटी ठेवला तर 16, पहिला 1 ठेवला तर 9. म्हणजे `k` 2. आता उजवी हद्द 10 पर्यंत वाढव. 8 शेवटी ठेवला तर 8+80+80, म्हणजे 168. पहिला 1 शेवटी ठेवला तर 160+10, म्हणजे 170. `k` दोनवरून एकवर आला.

कोकणकडा
हं, हे हाताने तपासलं, खरं आहे. मग हू आणि शिंग यांची n log n ची पद्धत?

गणिती_काकू
ती किमान खर्चासाठी आहे. त्यांचे युक्तिवाद सगळ्यात लहान शिरोबिंदूवर उभे आहेत, इथे कमाल हवी. फक्त चिन्ह उलटवून ते चालणार नाहीत. कमालसाठी n³ पेक्षा चांगलं काही कोणी वापरलं असेल तर मलाही वाचायचंय.

रात्रपाळी
हे सगळं उद्यानंतर. फोडण्याचा क्रम छापायला सांगितला तर काय करू?

गणिती_काकू
प्रत्येक `l`, `r` ला जिंकलेला `k` एका वेगळ्या टेबलात ठेव. मग छापताना आधी डावा तुकडा, मग उजवा, आणि `k` सर्वांत शेवटी. `k` आधी छापलास तर क्रम बिघडेल. तुझ्या नमुन्याला 1, 5, 3, 8 यायला हवं. नाणी 15, 120, 24, 8.

पुणेरी_पाटी
माझ्या ट्युपलवाल्यालाही हाच क्रम आला. 5, 6, 5 ला मात्र त्याने शेवटी उजवा 5 ठेवला.

कोकणकडा
तिथे दोन्ही 180च आहेत. डावा ठेवा की उजवा. `>` आणि `>=` यावर ठरेल. टेस्टमध्ये एकच ठरावीक क्रम मागितला असेल तर प्रश्न नीट वाचावा लागेल.

सह्यवारा
बाणांचा प्रश्नही करून जा, तोही विचारतात.