कोटेशन देऊन दोन आठवडे झाले, सोसायटी गप्प आहे. विचारायचं कसं?

कोबा_ठाणे

ठाण्यातल्या एका 41 सदनिकांच्या सोसायटीला 2 एप्रिलला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा प्रस्ताव दिला. जुना कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा, 4,000 चौरस फूट, 145 रुपये दराने 5,80,000 आणि वर जीएसटी. सेक्रेटरींनी स्वतः गच्ची फिरून दाखवली, वरच्या मजल्यावरची ओल दाखवली, "कमिटीपुढे ठेवतो" म्हणाले. आज 16 तारीख, मेलला उत्तर नाही. विचारलं तर मागे लागल्यासारखं होईल, नाही विचारलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. तुम्ही काय कराल?

साइटवरचा_धनू

फोन उचला आणि विचारा. सोसायटीचा मेल कोण उघडतं? निम्म्या ठिकाणी तो आयडी आधीच्या सेक्रेटरीच्या मोबाईलवर चालू असतो. माझी बहुतेक कामं फोनवरच ठरली आहेत. दर दोन-तीन दिवसांनी एक फोन, "साहेब, काय झालं आपलं?" एवढंच. जो समोर दिसत राहतो त्यालाच काम मिळतं.

मुक्ता_अक्षरे

मला अजिबात पटत नाही. मी छपाईची आणि डिझाइनची कामं करते. ज्याला गरज असते तो स्वतःहून येतो. प्रस्ताव पोचला आहे, दर कळला आहे, आता चेंडू त्यांच्याकडे आहे. दोन-तीन दिवसांनी येणारा फोन मी स्वतः ग्राहक असताना उचलणं बंद करते. आणि एकदा का आपण मागे लागलो की भाव पाडायला त्यांना जोर येतो.

माजी_सचिव_डोंबिवली

मी बरीच वर्षं सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो. धनूभाऊ आणि मुक्ताताई, दोघंही असं धरून चालला आहात की सेक्रेटरीकडे उत्तर तयार आहे आणि तो देत नाही. बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तरच नसतं.

आदर्श उपविधींप्रमाणे 26 ते 50 सभासदांच्या सोसायटीत समितीला दुरुस्तीवर एका वेळी 50,000 रुपयांपर्यंतच स्वतःच्या अधिकारात खर्च करता येतो. तुमचं काम पावणेसहा लाखांच्या वर आहे. म्हणजे ते सर्वसाधारण सभेपुढे जाणार. त्याआधी तीन कोटेशनं जमवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, समितीच्या बैठकीत ठेवायचा, मग विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची. तिची नोटीस पूर्ण 5 दिवस आधी द्यावी लागते. समितीची बैठक महिन्यातून एकदा, तीही बहुधा रविवारी, आणि कोरम झाला तर. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडली असेल आणि सचिव बिचारा ते तुम्हाला लिहायला लाजत असेल. माझ्याकडे कितीतरी वेळा दोनच कोटेशनं असायची आणि तिसऱ्याची वाट बघत आठवडे जायचे.

म्हणून "निर्णय काय झाला?" हे विचारू नका. त्याचं उत्तर देणं त्याच्या हातात नाही. बैठक कधी आहे ते विचारा. ते त्याला माहीत असतं, एका ओळीत सांगता येतं, आणि ते सांगितल्याने तो कशालाही बांधला जात नाही.

पाटील_फॅब्रिकेशन

माझीही हीच अडचण. एका सोसायटीचं पार्किंगच्या शेडचं काम फेब्रुवारीत पूर्ण केलं, बिल दिलं, अजून पैसे नाहीत. मी पण असंच गोड बोलून विचारत बसू का?

माजी_सचिव_डोंबिवली

पाटीलसाहेब, तुमची गोष्ट वेगळी आहे. काम झालं, बिल दिलं, म्हणजे ते देणं आहे. तिथे बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून सोसायटीच्या कार्यालयात लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. खजिनदाराला हिशेबात दाखवायला कागद लागतो. इथे मात्र सोसायटी अजून कोबावाल्यांचं काहीच देणं लागत नाही, म्हणून सूर वेगळा.

कोबा_ठाणे

सचिवसाहेब, हा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी असा मजकूर लिहिला आहे, बघा:

"महोदय, दि. 2 एप्रिल रोजी पाठवलेल्या प्रस्तावास अद्याप आपले उत्तर प्राप्त झालेले नाही. कृपया तातडीने निर्णय कळवावा. पावसाळा जवळ आला असून विलंब झाल्यास काम करणे शक्य होणार नाही."

मुक्ता_अक्षरे

हे वाचून मला मालमत्ता कराची नोटीस आल्यासारखं वाटलं. ज्या माणसाने चहा पाजला त्याला "महोदय"?

माजी_सचिव_डोंबिवली

मुक्ताताईंशी सहमत. पहिल्याच वाक्यात त्यांची चूक दाखवली आहे. "तातडीने" लिहिलंत, पण तातडी कशामुळे ते सांगितलं नाहीत. शेवटचं वाक्य धमकीसारखं वाचलं जाईल. पण त्या पावसाच्या वाक्यातच तुमचं खरं कारण आहे, ते नीट मांडा. तुमच्या कामाला दिवस किती लागतात?

कोबा_ठाणे

जुना कोबा फोडून मलबा खाली उतरवायला 5-6 दिवस. स्लॅबच्या भेगा भरणं आणि खालचा थर 3 दिवस. कोबा आणि वाटा 6 दिवस. मग पाणी मारून किमान 7 दिवस मुरवायचं आणि शेवटी 2 दिवस गच्चीवर पाणी साठवून खाली गळतंय का ते बघायचं. साधारण 25 दिवस धरा. कोबा फोडून झाल्यावर वळवाचा पाऊस आला तर स्लॅब उघडा असतो, वरच्या मजल्यावरच्या घरात थेट पाणी. ती जोखीम मी घेणार नाही.

माजी_सचिव_डोंबिवली

मग उलटं मोजा. मुंबई-ठाण्याकडे पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो, वळवाच्या सरी त्याच्याही आधी. काम 31 मेपर्यंत संपवायचं तर 5-6 मेला सुरू व्हायला हवं. मजूर आणि माल जमवायला तुम्हाला आठवडा लागेल, म्हणजे होकार 28 एप्रिलच्या आसपास. सभेची नोटीस त्याच्या पाच-सहा दिवस आधी निघायला हवी. याचा अर्थ समितीची बैठक येत्या रविवारी किंवा फार तर त्याच्या एक-दोन दिवस पुढे. ही मोजणी सेक्रेटरीने केलेलीच नसेल. त्याला वाटत असेल जून लांब आहे. ती त्याला दिलीत तर तो तीच समितीत वाचून दाखवेल. माझ्या काळात जो ठेकेदार असा कागद द्यायचा, त्याचं नाव बैठकीत आपोआप निघायचं.

मी असा लिहीन:

"नमस्कार साहेब. गच्चीच्या कामाचा 2 एप्रिलचा प्रस्ताव सोबत पुन्हा जोडला आहे, म्हणजे शोधावा लागणार नाही. कामाला सुमारे 25 दिवस लागतात. पावसाआधी संपवायचं तर 5-6 मेला सुरुवात करावी लागेल, त्याचं दिवसवार वेळापत्रक एका पानावर दिलं आहे. समितीची पुढची बैठक कधी आहे एवढं कळवाल का? बैठकीत कोणाला काही विचारायचं असेल तर मी येऊ शकतो. काम यंदा करायचं नसेल किंवा दुसऱ्याला द्यायचं ठरलं असेल तर तसंही मोकळेपणाने कळवा, मी मजूर दुसरीकडे लावेन."

साइटवरचा_धनू

शेवटचं वाक्य काढा! आपणच नकाराचं दार कशाला उघडून द्यायचं? "दुसऱ्याला दिलं असेल तर सांगा" म्हणजे द्या म्हणून सांगण्यासारखं आहे.

माजी_सचिव_डोंबिवली

धनूभाऊ, नकार द्यायचा असलेला माणूसच सगळ्यात जास्त गप्प बसतो. त्याला संकोच वाटतो. ते वाक्य वाचून ज्याचा नकार येईल, त्याचा होकार तसाही येणार नव्हता. उलट ठेकेदाराला 28 तारखेऐवजी आजच कळतं आणि मेमधले मजूर वाया जात नाहीत. यात त्यांच्यापेक्षा फायदा तुमचा.

साइटवरचा_धनू

तुमचं असेल. मी बाजारात वेगळं पाहिलं आहे. पण वेळापत्रकाची कल्पना चांगली आहे, ते मानतो. फक्त मेल नका करू. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पीडीएफसकट, आणि दुपारी चारनंतर. सकाळी सेक्रेटरी ऑफिसच्या लोकलमध्ये असतो.

रेखा_कमिटी_सदस्य

मी सध्या समितीत आहे. दोन्हीकडे पाठवा. मेल कार्यालयाच्या नोंदीसाठी, व्हॉट्सअ‍ॅप माणसासाठी. आणि कृपा करून अध्यक्षांना परस्पर पाठवू नका. आमच्याकडे एका रंगवाल्याने सेक्रेटरींना वगळून अध्यक्षांना फोन केला. सेक्रेटरी इतके दुखावले की त्याचं कोटेशन तक्त्यात शेवटी गेलं आणि त्यावर कोणी बोललंच नाही. दर त्याचाच कमी होता.

कोबा_ठाणे

ताई, दर थोडा कमी करून पाठवू का? विचारायला निमित्त मिळेल. 140 केला तर 20,000 कमी होतात.

रेखा_कमिटी_सदस्य

कोणी मागितलेला नसताना? आमच्या समितीत पहिला प्रश्न असा येईल, की दोन आठवड्यांत पाच रुपये कमी झाले तर आधी जास्त का लावले होते. आणि तुलनात्मक तक्ता झालेला असेल तर तो परत करावा लागेल. बाकीचे दोघंही मग आम्हाला पण कमी करू द्या म्हणतील.

मुक्ता_अक्षरे

इथे मात्र मला धनूंसारखं वाटतं. सणाच्या आधी मी सवलत कळवते तेव्हा उत्तरं येतात. सगळेच ग्राहक तक्ते करत नाहीत.

माजी_सचिव_डोंबिवली

एकट्या दुकानदाराला चालेल. सोसायटीत दर कमी करायची वेळ वाटाघाटीची असते, समिती बोलावते तेव्हा. ते 20,000 तेव्हासाठी ठेवा. प्रस्तावावर दर किती दिवस कायम राहील हे लिहिलं आहे का?

कोबा_ठाणे

30 दिवस. म्हणजे 2 मेपर्यंत.

माजी_सचिव_डोंबिवली

मग तेही एका ओळीत लिहा. कागदावर आधीपासून असलेली मुदत सांगण्यात दबाव नाही. आज नवी मुदत काढलीत तर तो दबाव, आणि तो लगेच ओळखू येतो.

कोबा_ठाणे

काल संध्याकाळी पाठवलं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही. "महोदय" काढलं, मोकळं करणारं वाक्य ठेवलं. रात्री उत्तर आलं: "रविवारी मीटिंग आहे. वेळापत्रक छान. तिसरं कोटेशन यायचं आहे." एवढंच.

साइटवरचा_धनू

झालं तर! सोमवारी सकाळी फोन लावा.

रेखा_कमिटी_सदस्य

सोमवारी नको. बैठकीचं इतिवृत्त लिहून सह्या होईपर्यंत सेक्रेटरी काही बोलू शकत नाहीत. बुधवारी संध्याकाळी एक ओळ पुरे, तीही सभेची नोटीस निघाली का एवढीच.

साइटवरचा_धनू

ताई, बुधवारी 22 तारीख. 28 ला होकार हवा आणि नोटिशीला पूर्ण पाच दिवस. बुधवारी विचारून नोटीस निघालीच नसेल तर यांचा मे गेला. सोमवारीच विचारायला हवं.

माजी_सचिव_डोंबिवली

तारखांचं गणित धनूभाऊंचं बरोबर आहे. सोमवारचा फोन मला तरीही जड वाटतो. त्यापेक्षा रविवारी बैठकीच्या वेळेला "मी जवळपासच आहे, काही विचारायचं असेल तर दहा मिनिटांत येतो" असा निरोप आधीच देऊन ठेवा. बोलावलं तर तिथेच नोटिशीचं बोलता येईल. नाही बोलावलं तर सोमवार की बुधवार, यावर आमचं एकमत होईल असं वाटत नाही.