गादी घेऊन निदान सहा महिने झालेत? मग अनुभव लिहा

शर्वरी

नवी गादी पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते, आणि लोक परीक्षणं नेमकी तेव्हाच लिहून मोकळे होतात. म्हणून इथे किमान सहा महिने अंगाखाली असलेल्या गादीबद्दल किंवा उशीबद्दलच लिहा. कंबर काय म्हणते, मधे बसली का, परत द्यायला गेलात तर काय झालं? कंपनीचं नाव नको. प्रकार, जाडी, खाली पलंग कसला आणि झोपणाऱ्यांची साधारण वजनं मात्र लिहा. वजन कमी करून लिहिलंत तरी चालेल, पण मग गादीला दोष देऊ नका.

उपेंद्र

पुणे. आठ इंची गादी, ७८ बाय ७२. वर दोन इंच मेमरी फोम आणि खाली साधा फोम. माझं वजन ९२ किलो, बायकोचं ५८. पलंग हायड्रॉलिक, खाली सामान ठेवायचा.

दिवाळीत घेतली. थंडीत रात्री आडवं झालं की आधी कडक लागायची, मग अंगाच्या उबेने हळूहळू मऊ व्हायची. उन्हाळ्यात उलट. पडल्या पडल्या रुतायला व्हायचं आणि कूस बदलायला जोर लावावा लागायचा. तरी तक्रार अशी नव्हती. शंभर रात्रींची चाचणीची मुदत तर त्याआधी, फेब्रुवारीतच संपली होती.

कंबर बोलायला लागली पावसाळ्यात. सकाळी उठल्यावर आखडलेली, आंघोळ होईपर्यंत मोकळी. सासुरवाडीला चार दिवस साध्या कापसाच्या गादीवर झोपलो तर काहीच त्रास नाही. तेव्हा परत आल्यावर चादर आणि प्रोटेक्टर काढून पडद्याचा सरळ पाइप गादीवर आडवा ठेवला आणि पट्टीने मोजलं. माझ्या बाजूला, जिथे कंबर येते तिथे, २० मिलिमीटर खोल. बायकोच्या बाजूला ८.

वॉरंटी दहा वर्षांची आहे. पण कागद नीट वाचला तर खड्डा २५ मिलिमीटरच्या वर हवा, तोही गादीवर कोणी नसताना मोजलेला. फोटो पाठवले, तर 'सामान्य वापरातला बदल' असं उत्तर आलं. म्हणजे पाच मिलिमीटर अजून झोपायचं.

आप्पा_सातारा

माझं वय ६८. गादीच नको ही माझी शिफारस. जितकं कडक तितकी पाठ सरळ. मी लाकडी दिवाणावर घोंगडी टाकून झोपतो, पाठदुखी माहीत नाही. ही फोमची थेरं शहरातली.

नेहा_फिजिओ

आप्पा, तुम्हाला मानवतंय तर बदलू नका. पण 'कडक म्हणजे चांगलं' हे सगळ्यांना लागू नाही. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर एक चाचणी झाली होती, २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक, आणि ९० दिवसांनी विचारलं. मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कुल्ला थोडा आत जायलाच हवा, नाहीतर कंबर अधांतरी राहते आणि कणा वाकतो.

घरच्या घरी बघायचं तर कुशीवर झोपा आणि मागून कोणाला तरी फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ साधारण सरळ दिसली तर ती गादी तुमच्यापुरती ठीक. त्याच गादीवर शेजारच्याची रेघ वाकडी दिसेल, कारण वजन आणि बांधा वेगळा.

उपेंद्र, उठल्यावर आखडणं आणि थोड्या वेळाने मोकळं होणं, शिवाय दुसरीकडे झोपून फरक पडणं, यावरून गादीवर संशय घ्यायला जागा आहे. पण पायात मुंग्या येत असतील, किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. पाइप नंतर.

आप्पा_सातारा

स्पेनचे लोक दुपारी पण झोपतात. त्यांचं काय घेऊन बसलात.

फोमवाला

भिवंडीला बरीच वर्षं फोम कापण्याच्या कामात आहे. उपेंद्र भाऊ, एक गोष्ट राहिली. तुम्ही गादी पलंगावर असताना मोजली. आता ती उचलून सपाट फरशीवर टाका, रात्रभर तशीच राहू द्या आणि पुन्हा मोजा. मग तोच पाइप पलंगाच्या प्लायवर ठेवा. हायड्रॉलिक पलंगात प्लाय बहुतेक वेळा पातळ असते आणि मधे आधार एकच पट्टीचा. वजन नेहमी एकाच जागी पडलं की ती वाकते. मग खड्डा गादीत किती आणि प्लायमध्ये किती ते कळतं. कंपनीसुद्धा पलंगाचा फोटो मागते, तो यासाठीच. पलंग वाकलेला दिसला की वॉरंटी हातची गेली.

दुसरं. लोक मेमरी फोमला शिव्या देतात, पण वरचे दोन इंच सहसा दगा देत नाहीत. बसतो तो खालचा साधा फोम, आणि तो टिकणार का हे त्याच्या डेन्सिटीवर ठरतं. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोम किती किलो भरतो ते, कडकपणा नव्हे. हलका फोमसुद्धा दुकानात हाताला छान कडक लागेल असा बनवता येतो, वर्षभरात मात्र बसतो.

हे वजन करून तपासता येतं. समजा ७८ बाय ६० ची सहा इंची साध्या फोमची गादी आहे. इंचांचे मीटर करून गुणलंत तर ०.४६ घनमीटर येतं. विकणारा '४० डेन्सिटी' म्हणत असेल तर वजन १८ किलोच्या पुढे हवं. १२-१३ किलो भरली तर आत २६-२८ चा माल आहे, मग खोळ कितीही भरजरी असो. ऑनलाइनवाल्यांच्या डब्यावर वजन छापलेलं असतं, त्यातून खोळ-खोक्याचे दोनेक किलो वजा करा. दोन-तीन थरांची गादी असेल तर यातून फक्त सरासरी निघते, हेही ध्यानात ठेवा.

सुनंदाकाकू

आम्ही रत्नागिरीला. आमच्याकडे अजून कापसाच्याच गाद्या. पिंजारी मिळेनासा झालाय, कोणाकडे नंबर असेल तर कळवा. मुलाने गेल्या वर्षी लेटेक्सची गादी पाठवली, सहा इंची. झोपायला खरंच छान. पण गणपतीत पलंग साफ करायला उचलली तर खालच्या कापडावर काळे ठिपके! मी लगेच खोळ काढून गच्चीत उन्हात टाकली. कुठलीही गादी असू दे, उन्हासारखं औषध नाही.

फोमवाला

काकू, कापसाला ऊन हवंच. लेटेक्सला नको. उघडं लेटेक्स उन्हात पिवळं पडतं आणि पुढे त्याचा भुगा सुटतो. तिला सावलीत, पंख्याखाली उभी करा. ठिपके बुरशीचे असणार. घामाची आणि हवेची ओल खाली उतरते आणि अखंड प्लायवर अडकते. प्लायला भोकं पाडून घ्या किंवा फळ्यांचा पलंग करा, दोन फळ्यांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. फार अंतर ठेवलंत तर गादी त्यात उतरेल.

सुनंदाकाकू

टाकून झाली उन्हात, दोन दिवस. आता रंग पाहते. पिंजाऱ्याचं राहिलंच.

मृण्मयी_नागपूर

मी गादी परत दिली आहे, तेवढंच लिहिते. मेमरी फोम, सहा इंची. नागपूरच्या मे महिन्यात तिच्यावर झोपणं म्हणजे तव्यावर पडणं. कूलरची हवा अंगावर येते, पाठीखाली नाही.

शंभर रात्री म्हणतात, पण त्यात पोटनियम असतात. माझ्या बाबतीत पहिले तीस दिवस परत घेणार नव्हते, 'शरीराला सवय होऊ द्या' म्हणून. डाग चालत नाही. मी पहिल्या दिवसापासून प्रोटेक्टर घातला होता म्हणून वाचले. न्यायला आलेल्या माणसाने खोळीची चेन उघडून आतपर्यंत टॉर्च मारला. प्रोटेक्टर मात्र जलरोधक घेतलात तर गादी आणखी तापते, हे मला नंतर उमगलं. कापडी, वरून टेरीचा घ्या.

डब्यातून गुंडाळून आलेली गादी फुगली की पुन्हा डब्यात जात नाही. ती तशीच, सपाट, लिफ्टमध्ये न मावणारी अशी जाते. आमचा चौथा मजला, त्यामुळे नेणारे दोनदा माणूस कमी म्हणून परत गेले. पैसे पूर्ण आले, पण गादी त्यांच्या हातात पडल्यावर. मधल्या काळात नवीसाठी पदरचे घालावे लागले.

माझ्या बहिणीने तीच गादी त्यांच्या साइटवरून न घेता दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानातून घेतली. तिला शंभर रात्री मिळाल्याच नाहीत, त्या दुकानाची दहा दिवसांची मुदत लागू झाली. आणि मापाने बनवून घेतलेली गादी बहुतेक कोणीच परत घेत नाही. जुन्या पलंगांची मापं विचित्र असतात, त्यांनी हे आधी विचारावं.

केदार

गादीचं माहीत नाही, उशीबद्दल लिहू का? फोमच्या तुकड्यांनी भरलेली, चेन असलेली उशी घेतली. आली तेव्हा इतकी टम्म की मान मोडायची वेळ. चेन उघडून साधारण तिसरा हिस्सा काढून पिशवीत भरून ठेवला, मग कुशीवर कान ते खांदा हे अंतर बरोबर भरलं. सात-आठ महिन्यांत ती चपटी झाली, तेव्हा पिशवीतला माल परत घातला. माझ्या मते अखंड उशीपेक्षा ही बरी. वास मात्र पंधरा दिवस गेला नव्हता. आणि उशी परत घेत नाहीत, अजिबात.

उपेंद्र

फोमवाले, तुम्ही म्हणालात तसं केलं. फरशीवर गादीचा खड्डा १३ मिलिमीटर. प्लायवर पाइप ठेवला तर माझ्या बाजूला ७ ची पोकळी. बेरीज बरोबर वीस. म्हणजे दोघंही दोषी. आता प्लाय जाड टाकावी का? आणि गादीवर दोन इंची टॉपर घेतला तर?

फोमवाला

प्लाय फार जाड टाकलीत तर पंप उचलणार नाहीत, ते ठरावीक वजनाचेच असतात. आहे त्याच प्लायखाली, कंबर येते तिथे, आडव्या दोन पट्ट्या मारून घ्या. गादी उलटू नका, मेमरी फोम खाली जाईल. पण डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. टॉपरचं आत्ता नको. खड्ड्यावर टाकलात तर तोही खड्ड्यात बसेल. महिनाभराने फरशीवर पुन्हा मोजा. गादी एकटी पंचविसाच्या पुढे गेली तर वॉरंटी मागा, तारीख दिसेल असे फोटो ठेवून.

नेहा_फिजिओ

डोकं-पाय फिरवलंत तरी कंबर जवळपास त्याच जागी येते, कारण ती गादीच्या मधोमधच असते. त्यापेक्षा दोघांनी बाजू बदला.

उपेंद्र

सुताराला शनिवारी बोलावलंय. बाजू बदलायचं घरात विचारलं. ती म्हणते, तिची आठ मिलिमीटरची बाजू तिच्याकडेच राहील.