लेहच्या उंचीवर पेस किती उतरवायचा? (अनुभव धागा)

डोंबिवलीकर: सप्टेंबरमध्ये लडाख मॅरेथॉनची हाफ पळणार आहे. इथे हाफ दोन तासांत होते, म्हणजे पेस ५:४० च्या आसपास. लेह ३,५०० मीटरवर. तिथे पळून आलेल्यांनी आपापला पेस किती पडला ते लिहा.

घाटावरचा: कशाला टेन्शन? सातारा हिल हाफ केली असेल तर यवतेश्वरच्या घाटात पडतो तेवढाच पेस लेहला पडतो. चढाचा सराव करा, बास.

दमसास: घाटावरचा, साताऱ्यात चढ दमवतो, हवा जवळपास इथलीच. लेहमध्ये सपाट रस्त्यावरही धाप लागते, कारण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. उंची २,२४० मीटर. १०,००० मीटर शर्यत नफ्ताली टेमूने २९:२७ मध्ये जिंकली, तेव्हाचा विश्वविक्रम २७:३९ चा. साडेसहा टक्क्यांचा फरक. (डावपेचांची शर्यत होती, सगळा दोष उंचीला नको.) लेह त्याहून सव्वा किलोमीटर वर.

आठवडा-दहा दिवस आधी जाऊन राहणार असाल तर मी वीस टक्के धरेन. ५:४० चे ६:४८ होतात, हाफ दोन तास चोवीस मिनिटांच्या आत-बाहेर. पण सुरुवात सातनेच करा. आधी सिंधूच्या बाजूला उतार असतो, ५:४५ सहज निघतो आणि तिथेच घात होतो. मुंबईत दम लागला की थोडं हळू पळून तो परत येतो. तिथे चालावं लागतं, तरी लवकर येत नाही. शेवटी लेहकडे चढ. चढाचा हिशेब या वीस टक्क्यांत नाही, तिथे पेस बघूच नका.

पेडलवाली: मनाली-लेह सायकलने केलंय. विरळ हवा कापायला सोपी, उतारावर सायकल सुसाट जाते. मग पळतानाही थोडा फायदा मिळत असेलच की?

दमसास: सायकलला आणि शंभर मीटरवाल्यांना मिळतो. सातच्या पेसला हवा अडवते कितीशी?

ठाणे ते तांगलांग: वीस टक्के मला जास्त वाटतात. माझा पेस तेरा-चौदा टक्केच पडला. पण मी आधी बरेच दिवस तिथे ट्रेक करत होतो, आणि मुळात हळू पळणारा. वेगवान मित्राचा माझ्यापेक्षा जास्त पडला.

डोंबिवलीकर: मग पेस सोडून हार्ट रेटवर पळू का? इथे हाफला १६५ असतो.

दमसास: १६५ नको. उंचीवर कमाल हार्ट रेटच खाली येतो, म्हणून तोच आकडा तिथे जास्त महाग पडतो. मी दहाएक ठोके कमी धरतो. पहिल्या निम्म्यात शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं नाही, तर घड्याळ काहीही म्हणो, वेग जास्त आहे.

घाटावरचा: आणि आदल्या दिवशी पोचून पळणारे असतात, त्यांचं काय?

ठाणे ते तांगलांग: त्यांना टक्के सांगू नका, थांबवा. डोकेदुखी, मळमळ असेल तर पळायचंच नाही.