मदत हवी आहे: गावी पहिल्यांदाच जायचंय, नानांना भेटल्यावर नेमकं काय करायचं?

पाथर्डी_फाटा
येत्या रविवारी गावी जायचं आहे, चांदवड तालुक्यात. माझा जन्म, शाळा, कॉलेज सगळं नाशिकात. गावच्या घरात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. तिथे नाना आहेत, वय ८४. भेटल्यावर वाकून नमस्कार करायचा की हात जोडले तरी चालतं? 'रामराम' म्हणायचं की 'नमस्कार'? सोबत काय न्यायचं? 'मनापासून वागा, सगळं जमतं' असलं कुणी लिहू नका, प्लीज. नेमकं सांगा, शुक्रवारच्या आत.

पिंपळपार
नाना तुमचे कोण? सख्खे आजोबा की चुलत? तुम्ही मुलगा की मुलगी? एकटे जाताय की घरच्यांबरोबर? घर गावात आहे की मळ्यात वस्तीवर? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

खरडछाटणी
एवढी उलटतपासणी कशाला? साधी गोष्ट आहे. चपला ओट्याखाली काढा, पाया पडा, अर्धा किलो पेढे हातावर ठेवा, झालं काम. दुपारी बारा ते चार जाऊ नका, म्हातारी माणसं झोपलेली असतात.

पाथर्डी_फाटा
मुलगी, २४. एकटीच जातेय. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. घर गावात आहे, जुना वाडा. आता सांगा.

टाळकरी
नानांच्या गळ्यात माळ आहे का? माळकरी असतील तर 'रामकृष्ण हरी' म्हणा. आणि एक लक्षात ठेवा: तुम्ही वाकलात की तेही तुमच्या पायाकडे हात नेतील. वारकऱ्यांत वय बघत नाहीत, समोरच्यातल्या माउलीला नमस्कार असतो. शहरातली पोरं 'अहो नाही नाही' करत मागे सरकतात आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. मागे सरकायचं नाही. त्यांचे दोन्ही हात वरच्या वर धरायचे आणि आपलं कपाळ त्यांच्या हाताला लावायचं.

देवळालीकर
थांबा. मुलगी आहे ना? मग पाया पडायचा प्रश्नच येत नाही. लेकी पाया पडत नाहीत, लेक म्हणजे लक्ष्मी. आमच्याकडे मामा तर भाचीला वाकूच देत नाही.

ओट्यावरून
देवळालीकर, मामा-भाचीचं काही घरांत आहे, ते बरोबर. पण ते मामापुरतं. बापाकडच्या आजोबांच्या पाया नात पडते, सूनही पडते. इतकी वर्षं गावी न आलेली मुलगी नुसती हात जोडून उभी राहिली तर 'शहरातली आहे' एवढंच नाही, 'अजून राग धरून आहे' असाही अर्थ निघेल.

नाना बसतात कुठे, हे पण विचारून घ्या. खाटेवर मांडी घालून बसले असतील तर पाय ओढून काढायला लावू नका. गुडघ्याला हात लावून तोच हात कपाळाला लावला की पुरतं. आडवे असतील तर उठून बसेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो. झोपलेल्या माणसाच्या पायाला हात लावत नाहीत, तसा नमस्कार फक्त गेलेल्या माणसाला करतात. जेवत असतील तरी थांबायचं.

पाथर्डी_फाटा
माळ आहे, फोटोत दिसतेय. मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे खुर्चीवरच बसतात. म्हणूनच पप्पांच्या दहाव्याला रामकुंडावर येता आलं नव्हतं त्यांना.

पिंपळपार
पप्पांच्या दहाव्याला? हे आत्ता सांगताय? वडील कधी गेले, आणि त्यानंतर नानांची तुमची भेट झालीच नाही का?

पाथर्डी_फाटा
गेल्या वैशाखात. वर्षश्राद्धही झालं. भेट नाही, फक्त फोन. त्याचा नमस्काराशी काय संबंध?

पिंपळपार
सगळा संबंध आहे. वर लिहिलेले पेढे आधी खोडा.

सुतक कधीच फिटलं, वर्षही सरलं, पण नानांच्या घराच्या हिशेबाने तुमची ही पहिली भेट दुःखाची आहे. तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात की घरातल्या बायका गळ्यात पडून मोठ्याने रडतील. त्यात तुमच्या हातात मिठाईचा पुडा असेल तर तो ठेवायचा कुठे हेच तुम्हाला कळणार नाही, आणि पाहणाऱ्याच्या लक्षात मात्र तोच राहील. गोड नको, फुलं नकोत, पॅकिंगचा चकचकीत कागद तर नकोच. न्यायचंच तर डझनभर केळी साध्या कापडी पिशवीत न्या आणि निघताना स्वयंपाकघरात ठेवून द्या, हातात देऊ नका.

रडणं ओसरेपर्यंत बोलायचं नाही. 'काळजी करू नका', 'मी ठीक आहे' असलं काही नको. मग कुणीतरी पाण्याचा तांब्या आणेल. एक घोट का होईना, पाणी घ्यायचं. पाणी नाकारलं तर भेट झाली असं धरत नाहीत. नानांना नमस्कार पाण्यानंतर.

खरडछाटणी
वर्ष उलटलं की सगळं मोकळं. वर्षश्राद्ध कशासाठी असतं मग? पेढे न्या हो. उलट म्हातारा खूश होईल की पोरगी नीट सावरली.

पिंपळपार
वर्ष उलटलं ते तुमच्यासाठी आणि भटजींसाठी. ज्याने पुतण्याचं तोंडही शेवटचं पाहिलं नाही त्याच्यासाठी नाही.

ओट्यावरून
यात गावागावांत फरक आहे, त्यामुळे भांडू नका. चांदवडकडे काही घरं वर्षानंतर मोकळं मानतात, काही पहिली भेट होईपर्यंत धरतात. भेटीला कोणता वार चालतो तेही घराघराचं वेगळं असतं. नानांच्या सुनेला फोन करून एवढंच विचारा: 'काकू, रविवार चालेल ना?' ती वार बदलून 'सोमवारी ये' म्हणाली तर समजा, दुःखाची भेट धरतात.

मखमलाबादी
वंशावळ हवी असेल तर त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जा. गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळतात. पंचवटीतही आहेत अशा वह्या.

पाथर्डी_फाटा
वंशावळ कुणी मागितली?

ओट्यावरून
मागितली नाही, पण कामाची आहे. तुम्ही वाड्यापाशी पोचायच्या आधी पारावर बसलेलं कुणीतरी विचारणार, 'कुणाची गं तू?' त्यावर आपलं नाव सांगायचं नाही, ते तिथे कुणाला माहीत नसतं. आजोबांचं घरात घेतलं जाणारं नाव आधी, मग वडिलांचं गावातलं नाव: 'अमुक आबांची नात, तमक्याची पोरगी.' शाळेच्या दाखल्यावरचं नाव उपयोगाचं नाही. वडिलांना गावात काय म्हणायचे ते आईला विचारून ठेवा. आणि वर 'नाना' म्हणजे गावात दहा असतील, त्यांचंही विचारा.

नानांना ऐकू कमी येत असेल तर हेच वाक्य त्यांनाही सांगायचं. दारातून आत आलं की आपला चेहरा अंधारात असतो, पाठीमागे उजेड. म्हणून उंबऱ्यातून बोलू नका. खुर्चीच्या समोर, खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं उभं राहा, ओढणी डोक्यावर घ्या, आणि कानाशी, सावकाश. ओरडून नाही.

टाळकरी
खुब्याचं ऑपरेशन असेल तर माझं वरचं बदला. खुर्चीत बसलेला माणूस तुमच्या पायाशी वाकू पाहील आणि खुब्यावर ताण येईल. त्यामुळे तुम्हीच लवकर खाली बसा, उकिडवं किंवा गुडघ्यावर, म्हणजे तुमचं डोकं त्यांच्या हाताच्या उंचीला येईल. मग त्यांना वाकावं लागत नाही, डोक्यावर हात ठेवतात. ऑपरेशन झालेल्या बाजूने जाऊ नका.

देवळालीकर
जाताना वाटेत मिसळ कुठे चांगली मिळते ते कुणी सांगा. पिंपळगावच्या अलीकडे असेल तर बरं.

पिंपळपार
देवळालीकर, वेगळा धागा काढा.

पाथर्डी_फाटा, अजून एक सांगा. चोवीस वर्षांत एकदाही गावी नाही, म्हणजे वाटणीचं काही होतं का? आणि वाड्यात नानांशिवाय कोण राहतं?

पाथर्डी_फाटा
हो. पप्पा आणि नाना बोलत नव्हते, बांधावरून. वाड्याचे दोन भाग आहेत. एकात नाना. दुसऱ्यात मोठी आई, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. तिचा आणि नानांचाही अबोला आहे असं आई म्हणते. पण बोलावलंय नानांनी.

खरडछाटणी
बोलावलं त्याच्याकडे आधी. सरळ आहे.

ओट्यावरून
सरळ नाही. नात्याने मोठी आई थोरली. तिच्या दारावरून पुढे जाऊन नानांकडे चहा घेतलात तर संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला माहीत होईल. आणि आधी तिच्याकडे गेलात तर नाना म्हणतील, बोलावलं मी आणि पोरगी गेली तिकडे. अशा वाड्यांत देवघर बहुतेक थोरल्या घराकडे राहतं. टाक तिच्याकडे असतील तर वाट निघते: बाहेर हातपाय धुवायचे, 'आधी देवाला नमस्कार करते' असं दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणायचं, देवाला नमस्कार, तिथेच मोठ्या आईच्या पाया पडायचं, पण बसायचं नाही. पाणी आणि बसणं नानांकडे. देवाला आधी गेलं म्हणून कुणी रागावत नाही.

पिंपळपार
मला हे पटत नाही. दुःखाच्या भेटीला आलेली मुलगी आधी देवघरात? आमच्याकडे आधी माणसं, मग देव. आणि मोठी आई गळ्यात पडली तर 'बसायचं नाही' कसं जमणार? तिच्या हातातून सुटेपर्यंत अर्धा तास जाईल.

ओट्यावरून
गेला तर जाऊ द्या. रडण्यात गेलेला वेळ नाना मोजणार नाहीत, चहात गेलेला मोजतील.

पिंपळपार
तुम्ही म्हणता तसंही असेल. पण मी तरी आदल्या दिवशी मोठ्या आईला फोन करून सांगितलं असतं की नानांकडे येतेय, तुमच्याही पाया पडायला येईन. मग क्रमाचा प्रश्न राहत नाही.

आणि जमिनीचं. वडिलांच्या नावाची वारस नोंद राहिली आहे का? राहिली असेल तर त्या दिवशी 'सातबारा' हा शब्द तोंडातून काढू नका. बांधावर जाऊन फोटो काढू नका, तलाठ्याचं नाव विचारू नका. बापाच्या माघारी पहिल्यांदाच आलेली मुलगी, म्हणजे वाटा मागायला आली, हे पारावर आधीच बोलून झालेलं असेल. नानांनी स्वतः विषय काढला तरी 'आईशी बोलून सांगते' एवढंच.

पाथर्डी_फाटा
नोंद राहिलीय. नानांनी त्यासाठीच बोलावलंय असं आईला वाटतं. मला वाटत नाही. ते फोनवर फक्त म्हणाले, 'तुझा आवाज तुझ्या बापासारखा आहे, ये एकदा.'

काकूंना फोन केला आत्ता. रविवार नको, सोमवारी ये म्हणाल्या.

ओट्यावरून
मग पेढे नकोत.

खरडछाटणी
केळी तरी पिंपळगावात घ्या, स्वस्त मिळतील.